उच्च शिक्षणासाठी ना हरकत प्रमाणपत्र : जिल्हा परिषद शिक्षकांनी अर्ज कसा लिहावा आणि कोणत्या वाटेने पाठवावा

अर्ज नामंजूर क्वचितच होतो. तो परत येतो. वर शेरा असतो, ‘त्रुटी पूर्ततेस्तव परत’, आणि तोवर प्रवेशाची मुदत संपत आलेली असते. मग घाईत प्रवेश घेतला जातो, परवानगी नंतर मागितली जाते, आणि पुढे पदवीची नोंद सेवापुस्तकात करायची वेळ आली की घोळ बाहेर येतो. आस्थापनेच्या टेबलावर असे अर्ज मी बरेच हाताळले आहेत. चुका ठरलेल्या असतात, म्हणून हा लेख.

उदाहरण एकच घेऊ आणि तेच शेवटपर्यंत नेऊ. गुहागर तालुक्यात तवसाळच्या बाजूला खाडीकाठच्या वाडीवर पहिली ते पाचवीची दोन शिक्षकी शाळा आहे. तिथल्या उपशिक्षिकेला नोकरी सांभाळून मराठीत एम. ए. करायचं आहे. इतर खात्यांतले कर्मचारी आणि खाजगी नोकरीतले लोकही पत्राचा सांगाडा हाच वापरू शकतात. फक्त वरिष्ठांची साखळी बदलेल.

टप्पा १ : आधी अभ्यासक्रम पक्का करा

‘मला उच्च शिक्षण घ्यायचे आहे’ एवढ्यावर कोणीही सही करत नाही. परवानगी मिळते ती ठरावीक विद्यापीठाच्या, ठरावीक अभ्यासक्रमासाठी, ठरावीक पद्धतीने आणि ठरावीक वर्षांपुरती. म्हणून कागद हातात घेण्याआधी या चार गोष्टी ठरायला हव्यात.

यातली पद्धत सगळ्यात महत्त्वाची. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्याने नियमित महाविद्यालयात प्रवेश मागितला, तर पहिला प्रश्न येतो : वर्गात हजेरी लावणार कधी? शाळेच्या हजेरीपटावर आणि महाविद्यालयाच्या हजेरीपटावर एकाच दिवशी, एकाच वेळी सही असू शकत नाही. त्यामुळे पर्याय उरतो दूरस्थ शिक्षणाचा. नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे, आणि मुंबई विद्यापीठाचं दूरस्थ व ऑनलाइन शिक्षण केंद्र आहे, ज्याला लोक अजून आयडॉलच म्हणतात.

बाजारपेठेतल्या गाळ्यात ‘स्टडी सेंटर’ असा बोर्ड लावून परराज्यातल्या विद्यापीठाची पदवी देतो म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. दूरस्थ अभ्यासक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता लागते आणि ती अभ्यासक्रमानुसार, वर्षानुसार तपासता येते. deb.ugc.ac.in या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव आणि त्याखाली आपला अभ्यासक्रम दिसतो का ते बघा. दिसलं तर त्या पानाची छापील प्रत काढून अर्जाला जोडा. कार्यालयाला ती शोधायला लागली नाही, तर फाइल तेवढी लवकर पुढे सरकते.

तपासा : विद्यापीठाचं पूर्ण नाव, अभ्यासक्रमाचं माहितीपुस्तिकेत छापलेलं नाव, माध्यम, कालावधी आणि परीक्षा कशी होते, हे पाच तपशील पुस्तिकेतून जसेच्या तसे उतरवून घेतलेत का?

टप्पा २ : वेळापत्रक मागून पुढे मोजा

प्रवेश साधारण पावसाळ्याच्या तोंडावर सुरू होतात. त्याच सुमारास शाळाही सुरू होते, पाठ्यपुस्तकवाटप, पटनोंदणी आणि सगळे अहवाल एकदम येतात. जूनमध्ये दिलेला अर्ज या ढिगाखाली जातो. जुलैत पाऊस लागला की टपाल घेऊन तालुक्याला जाणाराही ‘उद्या बघू’ म्हणतो. आणि गणपतीच्या आठवड्यात कोकणातल्या कार्यालयात सहीसाठी कोणी भेटेल, ही आशाच सोडा.

म्हणून अर्ज एप्रिलच्या शेवटच्या आठवड्याआधी शाळेतून निघायला हवा. मे महिन्यात शाळा बंद असते, पण पंचायत समिती आणि जिल्हा परिषद चालू असते. तुमच्या सुट्टीत तुमची फाइल फिरते. मात्र सुट्टीत मुंबईला गेलात तर फोन लागेल असा ठेवा. एक सही राहिली म्हणून महिना गेलेली प्रकरणं मी पाहिली आहेत.

सावधान : बदलीपात्र यादीत तुमचं नाव असेल, तर आधी बदलीचं काय होतं ते बघा. अर्ज गुहागरातून दिला आणि मध्येच दापोलीला हजर झालात, तर जुन्या गटाची शिफारस निरुपयोगी ठरते. नव्या शाळेवर हजर होऊन तिथूनच अर्ज करणं जास्त सोपं.

टप्पा ३ : आपल्याच तालुक्यातला जुना आदेश मिळवा

हा टप्पा जवळपास सगळेच गाळतात. आपल्या तालुक्यात गेल्या वर्ष-दोन वर्षांत ज्यांना अशी परवानगी मिळाली आहे त्यांच्याकडून आदेशाची प्रत मागा. केंद्रातल्या पाच-सहा शाळांत विचारलंत तरी एखादी हाती लागते.

ती प्रत नीट वाचा. खाली सही कोणाची आहे ते बघा, कारण अंतिम मंजुरी ज्यांच्या सहीने निघते त्यांनाच अर्ज ‘प्रति’ करायचा असतो. वर ‘वाचले’ किंवा ‘संदर्भ’ या मथळ्याखाली कोणती पत्रं नोंदली आहेत ते बघा. ती यादी म्हणजे तुम्ही कोणते कागद जोडायचे त्याची यादी. आणि शेवटच्या अटी बघा, कारण त्याच तुमच्या हमीपत्रात जायच्या आहेत.

सावधान : व्हॉट्सॲपवर फिरणारे शासन निर्णयांचे क्रमांक अर्जात घालू नका. निर्णय स्वतः वाचलेला नसेल आणि तो वेगळ्याच संवर्गाचा निघाला, तर तेवढ्या एका ओळीवर त्रुटी निघते. क्रमांक न घातल्याने कोणाचा अर्ज परत गेल्याचं मला आठवत नाही.

टप्पा ४ : कागद जमवा

सगळ्या प्रती स्वयंसाक्षांकित करा आणि अर्जात ज्या क्रमाने उल्लेख येईल त्याच क्रमाने लावा : नियुक्ती आदेश, शिक्षणसेवक कालावधी पूर्ण झाल्याचा आदेश, सेवापुस्तकाच्या पहिल्या पानाची प्रत, पदवीचं गुणपत्रक, माहितीपुस्तिकेतली संबंधित पानं, आयोगाच्या मान्यतेची छापील प्रत, हमीपत्र आणि सहशिक्षकाची संमती. विभागीय चौकशी प्रलंबित नसल्याचा दाखला कार्यालय स्वतः जोडतं की तुमच्याकडून मागतं, ते गटशिक्षणाधिकारी कार्यालयात आधी विचारून घ्या. हमीपत्र साध्या कागदावर चालतं की मुद्रांकावर लागतं, तेही त्याच फेरीत विचारा.

नावाकडे विशेष लक्ष द्या. सेवापुस्तकात लग्नानंतरचं नाव आणि पदवीवर माहेरचं, हे कोकणात घरोघरी आहे. प्रमाणपत्र सेवापुस्तकातल्या नावाने निघतं, विद्यापीठाचा प्रवेश मात्र पदवीवरच्या नावाने होऊ बघतो. नावबदलाचं राजपत्र किंवा विवाह नोंदणी दाखला जोडा आणि अर्जात ‘पूर्वाश्रमीचे नाव’ एका ओळीत लिहा.

टप्पा ५ : पत्र लिहा

तुमचं पत्र अधिकारी शेवटी वाचतात. आधी ते लिपिक वाचतो आणि त्यावरून टिप्पणी लिहितो. टिप्पणी साधारण अशी असते : ‘श्रीमती अमुक, उपशिक्षिका, यांनी तमुक विद्यापीठाच्या अमुक शिक्षणक्रमास प्रवेश घेण्यासाठी परवानगी मागितली आहे. त्यांची सेवा अमुक वर्षे झाली आहे. गटशिक्षणाधिकारी यांनी शिफारस केली आहे. शालेय कामकाजावर परिणाम होणार नाही असे त्यांनी नमूद केले आहे. मान्यतेस्तव सादर.’ यातलं प्रत्येक वाक्य तुमच्या पत्रातून उचलता आलं पाहिजे. जे पत्रात सापडत नाही, त्यासाठी त्रुटी काढली जाते.

आता खरा अडसर. दोन शिक्षकी शाळेच्या फाइलवर अधिकाऱ्याच्या मनात एकच शंका असते : ही परीक्षेला गेली की पोरांना कोण बघणार? बहुतेक अर्जांत याचं उत्तर ‘शाळेच्या कामावर परिणाम होणार नाही याची खात्री देते’ एवढंच असतं. ही खात्री कशाच्या जोरावर दिली ते त्यात नसतं. त्याऐवजी दिवस सांगा. अभ्यास शाळेच्या वेळेबाहेर, संपर्कसत्रं रविवारी किंवा सुट्टीत, परीक्षा सत्रात इतके पेपर म्हणजे तितके दिवस, त्या दिवसांची रजा आधी मंजूर करून घेणार, आणि त्या दिवशी दुसरे शिक्षक शाळेवर हजर असणार. दुसऱ्या शिक्षकांचं दोन ओळींचं लेखी संमतिपत्र जोडलंत की शंका संपते. तेही त्याच वर्षी एम. ए. करणार असतील, तर दोघांनी वेगवेगळ्या विषयांना किंवा वेगवेगळ्या वर्षी प्रवेश घ्यायचं आपसात ठरवा. एकाच तारखेचे पेपर असलेले दोन अर्ज एका शाळेतून गेले, तर एक तरी अडकणारच.

नमुना असा :

> दिनांक : __ एप्रिल ____
>
> प्रति,
> मा. शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
> जिल्हा परिषद, रत्नागिरी.
>
> द्वारा : १) मा. मुख्याध्यापक, जि. प. शाळा ____
> २) मा. केंद्रप्रमुख, केंद्र ____
> ३) मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, गुहागर.
>
> विषय : यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक यांच्या एम. ए. (मराठी) या शिक्षणक्रमास दूरस्थ पद्धतीने प्रवेश घेण्यासाठी पूर्वपरवानगी व ना हरकत प्रमाणपत्र मिळणेबाबत.
>
> महोदय,
>
> मी, श्रीमती ____ (पूर्वाश्रमीचे नाव ____), जि. प. प्राथमिक शाळा ____ (यू-डायस क्रमांक ____) येथे उपशिक्षिका म्हणून दिनांक ____ पासून कार्यरत आहे. माझा शालार्थ आयडी ____ असून जिल्हा परिषद सेवेत प्रथम नियुक्ती दिनांक ____ रोजी झाली आहे. शिक्षणसेवक कालावधी समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याचा आदेश सोबत जोडला आहे.
>
> मला शैक्षणिक वर्ष ____ पासून वरील शिक्षणक्रमास प्रवेश घ्यावयाचा आहे. शिक्षणक्रमाचा कालावधी दोन वर्षे, चार सत्रे असा आहे. अद्याप मी प्रवेश घेतलेला नाही.
>
> अभ्यास मी शालेय वेळेव्यतिरिक्त करीन. संपर्कसत्रांस रविवारी व सुट्टीच्या दिवशी उपस्थित राहीन. परीक्षेचे प्रत्येक सत्रात ____ पेपर असून परीक्षेच्या दिवसांसाठी माझ्या खात्यावरील देय रजा पूर्वमंजुरीने घेईन. त्या दिवशी शाळेत सहशिक्षक उपस्थित राहतील. त्यांचे संमतिपत्र सोबत आहे.
>
> सदर शिक्षणाचा कोणताही खर्च मी जिल्हा परिषदेकडे मागणार नाही. या परवानगीच्या आधारे बदली, पदोन्नती अथवा वेतनवाढीचा हक्क सांगणार नाही. निवडणूक, जनगणना व अन्य शासकीय कामे नेमून दिल्यास ती पार पाडीन. तसे हमीपत्र सोबत जोडले आहे. माझ्याविरुद्ध कोणतीही विभागीय चौकशी सुरू अथवा प्रस्तावित नाही.
>
> तरी मला पूर्वपरवानगी व ना हरकत प्रमाणपत्र मिळावे, ही विनंती.
>
> आपली विश्वासू,
> (सही, नाव, पदनाम, भ्रमणध्वनी)
>
> सोबत : वरीलप्रमाणे कागदपत्रे, १ ते ८.

‘अद्याप मी प्रवेश घेतलेला नाही’ हे छोटं वाक्य विसरू नका. कार्यालयासाठी ती पूर्वपरवानगी आहे की कार्योत्तर, हे त्यावरच ठरतं. आणि प्रवेश घेऊन झाला असेल तर हे वाक्य लिहू नका. खरी तारीख लिहून कार्योत्तर परवानगी मागा. पावतीवरची तारीख आणि अर्जातला मजकूर जुळला नाही, तर मुद्दा परवानगीचा राहत नाही, खोटी माहिती दिल्याचा होतो.

पत्रात काय नको तेही सांगतो. घरची परिस्थिती, लहानपणापासूनची शिकायची ओढ, मराठी भाषेवरचं प्रेम, यातलं काही टिप्पणीत जात नाही. एक पान पुरतं. ‘पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी गृहीत धरीन’ असं तर मुळीच नको. न आलेल्या उत्तराला परवानगी मानण्याची सोय इथे नाही, आणि त्या वाक्याने वाचणाऱ्याचा पारा मात्र चढतो.

सावधान : याच पत्रात अध्ययन रजा मागू नका. ना हरकत म्हणजे ‘नोकरी करता करता शिका, आमची हरकत नाही.’ अध्ययन रजा म्हणजे ‘नोकरीवरून सुट्टी द्या.’ रजेचे निकष वेगळे आहेत, तिची फाइलही वेगळी असते. दोन्ही एकत्र मागितलं की रजेच्या प्रश्नावर ना हरकतही अडकते.

टप्पा ६ : योग्य मार्गाने पाठवा, पण पोच घेऊनच

‘द्वारा’ लिहून अर्ज थेट रत्नागिरीला नेऊन द्यायचा, हा कोकणातला आवडता शॉर्टकट. तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरलं की रत्नागिरी गुहागरपेक्षा फार लांब वाटत नाही, त्यामुळे मोह होतो. पण जिल्हा परिषदेतून तो अर्ज पहिल्यांदा जातो तो अभिप्रायासाठी खाली, गटशिक्षणाधिकाऱ्यांकडेच. तुम्ही वाचवलेला दिवस फाइल दुप्पट करून घेते, शिवाय डावलल्याची भावना होते ती वेगळीच.

क्रम असा ठेवा. तीन प्रती काढा. मुख्याध्यापकांची शिफारस पत्राखालीच घ्या : ‘शिफारस करून सविनय सादर’, सही, शिक्का, शाळेचा जावक क्रमांक. मग केंद्रप्रमुखांची. मग पंचायत समितीत आवक नोंद करून आपल्या प्रतीवर पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक, तिन्ही. नुसता गोल शिक्का आठवड्याने कोणाच्या कामाचा नसतो. तिथून जिल्हा परिषदेला जाताना पंचायत समितीचा जावक क्रमांक पडतो. तोही मागून लिहून ठेवा.

एक अडचण इथे नेहमी येते. तुम्हीच प्रभारी मुख्याध्यापक असाल तर? आपल्याच अर्जावर आपणच शिफारस करून शिक्का मारलेले अर्ज मी पाहिले आहेत. ते परत जातात. अशा वेळी ‘द्वारा’मध्ये पहिलं नाव केंद्रप्रमुखांचं घाला आणि शाळेचा जावक क्रमांक फक्त पाठवल्याची नोंद म्हणून वापरा. शिवाय तुमच्या रजेच्या दिवशी प्रभार कोणाकडे राहील, हे पत्रात एका वाक्यात लिहा.

तपासा : शिफारशीत ‘शिफारस करण्यात येते’ असं स्पष्ट लिहिलंय का? ‘पुढील कार्यवाहीस्तव सादर’ एवढंच असेल तर ती शिफारस नाही. वरचं कार्यालय ‘स्पष्ट अभिप्राय द्यावा’ म्हणून परत पाठवू शकतं.

टप्पा ७ : पाठपुरावा

पंधरा दिवस जाऊ द्या. मग फोन करा आणि ‘माझ्या अर्जाचं काय झालं’ असं न विचारता ‘अमुक तारखेचा, अमुक आवक क्रमांक, कोणत्या टेबलावर आहे’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाला ‘बघतो’ हे उत्तर मिळतं, दुसऱ्याला नोंदवही उघडावी लागते. महिन्याने स्मरणपत्र द्या, तेही त्याच मार्गाने. त्यात नवं काही लिहू नका : मूळ अर्जाची तारीख, आवक-जावक क्रमांक, प्रवेशाची अंतिम मुदत, आणि विनंती. मूळ अर्जाची पोच जोडा.

तरीही हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ‘माझ्या अमुक अर्जावरील टिप्पणीची प्रत द्यावी’ एवढंच मागा. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. पण हे हत्यार शेवटचं. एकाच तालुक्यात तीस वर्षं काढायची असतात, आणि फाइल बहुतेक वेळा द्वेषापोटी नाही, एका न जोडलेल्या कागदापायी थांबलेली असते. तो कागद कोणता, हे समक्ष भेटीत दोन मिनिटांत कळतं.

प्रवेशाची मुदत संपत आली आणि आदेश नाही, तर? विद्यापीठाने मुदत वाढवली आहे का बघा. विलंब शुल्कासह मुदतवाढ बऱ्याचदा मिळते. नाहीच मिळाली, तर माझा सल्ला एक सत्र किंवा एक वर्ष थांबण्याचा आहे. बरेच जण ‘प्रवेश घेऊन टाक, नंतर बघू’ म्हणतील. त्यांना सेवापुस्तकातली नोंद अजून करायची असते.

टप्पा ८ : प्रमाणपत्र हातात आल्यावर

तिथेच, टेबलासमोर उभं राहून वाचा. तुमच्या नावाची अक्षरं, विद्यापीठाचं नाव, ‘एम. ए. (मराठी)’ असा विषयासह उल्लेख, ‘दूरस्थ’ हा शब्द, शैक्षणिक वर्ष आणि जावक क्रमांक. विषय गाळून नुसतं ‘एम. ए.’ लिहिलं असेल, तर त्याच दिवशी दुरुस्ती मागा. घरी नेऊन मग शुद्धिपत्रक मागायचं म्हणजे नवा अर्ज, नवा मार्ग.

प्रवेश अर्जावर टाकलेली तारीख आदेशाच्या तारखेनंतरचीच असू द्या. मूळ आदेश विद्यापीठाला देऊ नका, प्रत द्या. मध्येच विषय किंवा विद्यापीठ बदललंत, तर जुनी परवानगी लागू होत नाही, नव्याने मागावी लागते. बदली झाली तर आदेशाची प्रत नव्या शाळेच्या दप्तरी लावून घ्या.

परीक्षेच्या तारखा जाहीर झाल्या की वेळापत्रकासह रजेचा अर्ज लगेच द्या, परवानगी आदेशाचा क्रमांक त्यावर टाकून. आणि निकाल लागल्यावर ना हरकत आदेश, चारही सत्रांची गुणपत्रकं आणि पदवी प्रमाणपत्र जोडून सेवापुस्तकात नोंद घेण्याचा अर्ज गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे द्या. नोंद झाली की त्या पानाची प्रत मागून घ्या.